महिन्याचा उतारा की मालागणिक बिल?

सध्या मांडवावरची काकडी, शिराळी आणि भेंडी जोरात आहे. चौकच्या नाक्यापासून जुन्या हायवेवरच्या खानावळी, कर्जत बाजूचे रिसॉर्ट असं रोजचं बांधलेलं गिऱ्हाईक बऱ्याच जणांकडं आहे. हिशेब मात्र कुणाचा वहीत, कुणाचा डोक्यात. म्हणून आज मालाबद्दल नाही, बिलाबद्दल लिहितो.

माझ्याकडं दोन पद्धती चालतात. खानावळीला रोज पाच-दहा किलो माल जातो. तिथं रोजचं बिल करून रोज पैसे मागणं त्यालाही नको आणि मलाही नको. म्हणून रोज फक्त पावती. दोन प्रतींचं पावतीपुस्तक घ्यायचं, क्रमांक छापलेलं. त्यात तारीख, माल, वजन, त्या दिवसाचा भाव लिहायचा आणि माल उतरून घेणाऱ्याची सही घ्यायची. भाव रोज हलतो, त्यामुळं तो त्याच दिवशी पावतीवर पडला पाहिजे. महिनाअखेरीला भाव लावायला बसलात की वाद ठरलेला.

महिना संपला की खाते उतारा द्यायचा. मागच्या ऑगस्टचा एका खानावळीचा उतारा असा होता:

मागील बाकी: ३,४०० रु.
ऑगस्टचा माल, पावती क्र. २११ ते २३६: १३,८६० रु.
वजा, पावती क्र. २२४ मधली १२ किलो काकडी कडू निघाली, ३० रु. भावाने: ३६० रु.
जमा, ५ तारखेला: ३,४०० रु.
जमा, २० तारखेला: ६,००० रु.
३१ ऑगस्टची बाकी: ७,५०० रु.

यात दोन गोष्टी बघा. ५ तारखेच्या पैशानं जुनी बाकी पुरी फिटली, म्हणजे राहिलेले ७,५०० सगळे ऑगस्टच्याच मालाचे. आणि कडू काकडीची वजावट पावती क्रमांकासकट लिहिली, त्यामुळं पुढच्या महिन्यात तो विषय परत निघत नाही.

उताऱ्याच्या डोक्यावर ठळक लिहायचं, “हे बिल नाही, खात्याचा उतारा आहे.” नाहीतर पावत्यांचा एक आकडा आणि उताऱ्याचा दुसरा, असं दोनदा मागतोय असं समोरच्याला वाटतं.

खाली शेठची सही घ्यायची: “वरील बाकी मान्य.” याला कायद्यात वजन आहे. उधारीची मुदत ठरलेली नसेल तर विकलेल्या मालाच्या पैशाचा दावा माल दिल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो. ती मुदत संपायच्या आत देणेकऱ्यानं बाकी लेखी मान्य करून सही केली, तर सहीच्या तारखेपासून मुदत नव्यानं धरतात. मुदत संपल्यावर घेतलेल्या सहीनं हे होत नाही.

आता रिसॉर्टचं. तिथं लग्न असलं की एकदम दोनशे-तीनशे किलोची ऑर्डर येते. ऑर्डर देणारा मॅनेजर, माल घेणारा आचारी आणि पैसे सोडणारा मुंबईतला अकाउंटंट. त्याला कार्यक्रमावार खर्च लावायचा असतो, म्हणून त्याला वेगळं बिल लागतं. एका बिलावर तक्रार आली तर तेवढंच अडकतं, बाकीची सुटतात. उताऱ्यात मात्र हजाराच्या वादापायी अख्खी रक्कम टेबलावर पडून ऱ्हाते. आमच्या बाजूच्या एका शेतकऱ्याचं एका रिसॉर्टमध्ये तसंच झालं. दोन क्रेट टोमॅटोच्या वादात महिन्याचं पेमेंट थांबलं. त्यानं लग्नाच्या मालाचं बिल वेगळं काढून दिलं, तेव्हा ते आठवड्यात सुटलं.

वेगळ्या बिलांत धोका असतो गोळा रकमेचा. “भाऊ, दहा हजार टाकलेत, जमा करून घे.” कुठल्या बिलाचे? तिथल्या तिथं मेसेज करून विचारायचं आणि उत्तर वहीत बिल क्रमांकापुढं लिहायचं.

जीएसटीचं काही जण विचारतात. स्वतःच्या शेतातला माल विकणाऱ्या शेतकऱ्याला तेवढ्यासाठी नोंदणी लागत नाही आणि ताज्या भाजीवर कर नाही, त्यामुळं साधं बिल चालतं. पण कुणी नोंदणी करून करपात्र माल विकत असेल तर उताऱ्यावर भागत नाही, बिल द्यावंच लागतं.

थोडक्यात, माल रोजचा, थोडा आणि पैसे देणारा समोरच असेल तर पावती आणि उतारा. ऑर्डर मोठी, अधूनमधून किंवा पैसे सोडणारा तिसराच असेल तर वेगळं बिल. उताऱ्यावरच्या गिऱ्हाइकाची बाकी एका महिन्याच्या मालापेक्षा जास्त झाली की समजायचं, जुनं थकतंय. मग जुन्या बाकीचा कागद वेगळा करून सही घ्यायची आणि नवीन माल बिलावर किंवा रोखीनं द्यायचा.

तुमच्याकडं कसं चालतं ते खाली लिहा.