आठ टक्के, पण कशाचे?



भाडेवाढीचा निरोप आला की आपण टक्के किती एवढंच बघतो. आमच्या पुण्याच्या घराच्या करारात आठ टक्के लिहिले होते आणि घरमालक काकांनी आठच टक्के लावले. तरीही मागितलेली रक्कम जास्त होती.

आमचा लिव्ह अँड लायसन्स करार ३३ महिन्यांचा आहे. त्यात भाडं १६,००० रुपये, आणि सोसायटीचा मेंटेनन्स २,२०० रुपये वेगळ्या कलमात. आम्ही दोन्ही एकत्रच काकांच्या खात्यात भरतो, म्हणजे महिन्याला १८,२००. अकरा महिने संपताना काकांचा मेसेज आला, "पुढच्या महिन्यापासून १९,६५६ पाठवा."

वाढ झाली १,४५६ रुपये. तिला १६,००० ने भागलं तर ९.१ टक्के येतात, १८,२०० ने भागलं तर बरोबर आठ. म्हणजे काकांनी मेंटेनन्सवरही टक्के लावले होते. तुमच्याकडेही शंका आली तर हाच भागाकार करून बघा. कोणत्या आकड्यावर टक्के लावले ते लगेच कळतं.

मग करार काढला. कलमाचे शब्द होते, "मासिक भाड्यात आठ टक्के वाढ". मेंटेनन्सचा उल्लेख तिथे नाही. हे शब्द फार महत्त्वाचे. करारात "मेंटेनन्ससह भाडे १८,२००" असा एकच आकडा असता, तर काकांचा हिशोब बरोबर ठरला असता आणि मी गप्प बसले असते.

आमचे हे म्हणाले, "१७६ रुपयांसाठी काकांना दुखवायचं? रोज जिन्यात भेटतात." मला फोनवर बोलायचंच नव्हतं, कारण तोंडी हिशोबात आवाज चढतात. म्हणून पत्र लिहिलं.

"आदरणीय काका, सादर जय जिनेंद्र. आपला भाडेवाढीचा निरोप मिळाला. करारातली आठ टक्के वाढ आम्हाला मान्य आहे. मात्र करारात ही वाढ मासिक भाड्यावर आहे, मेंटेनन्स वेगळा आहे. त्या पानाचा फोटो सोबत जोडला आहे. त्यामुळे १६,००० वर आठ टक्के, म्हणजे १,२८० रुपये वाढ होते. नवे भाडे १७,२८० आणि मेंटेनन्स २,२००, एकूण १९,४८०. आपल्या आकड्यात १७६ रुपये जास्त येतात. अकरा महिन्यांत ते १,९३६ होतात. सोसायटीने मेंटेनन्स वाढवला असल्यास बिल दाखवावे, तो फरक आम्ही वेगळा देऊ. येत्या एक तारखेला १९,४८० जमा करत आहोत. हिशोबात काही वेगळे वाटल्यास कृपया लेखी कळवावे."

पत्रात आधी मान्य काय ते लिहिलं, म्हणजे भाडं चुकवायचं नाही हे त्यांना कळावं. ठरल्या दिवशी पैसेही गेले, कारण वादापायी सगळं भाडं अडवलं तर थकबाकीदार आपणच ठरतो. आणि जास्तीची रक्कम गुपचूप भरत राहिलो तर तीच मान्य होती असं पुढे म्हणायला जागा राहते. कायद्याचं नाव मी घेतलं नाही, गरजच नव्हती. पण तुम्हाला माहीत असू द्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदवलेला असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. आपल्याकडे त्याची प्रत हवीच. माझी देवघराच्या कपाटात असते, ते सोडा.

चार दिवसांनी काका स्वतः वर आले, हातात सोसायटीचं बिल. मेंटेनन्स खरंच १५० रुपयांनी वाढला होता. तो आम्ही लगेच मान्य केला. आता एकूण १७,२८० अधिक २,३५०, म्हणजे १९,६३०. काकांच्या आकड्यापेक्षा फक्त २६ रुपये कमी! हे हसले, "एवढं पत्र लिहून काय मिळवलंस?"

आणखी अकरा महिन्यांनी दुसरी वाढ येणार आहे. १९,६५६ हा आकडा मान्य केला असता तर आठ टक्के त्यावर लागून २१,२२८ झाले असते. आता ते १७,२८० वर लागतील. भाडं होईल १८,६६२, आणि मेंटेनन्स आहे तेवढाच राहिला तर एकूण २१,०१२. महिन्याला २१६ रुपयांचा फरक.

म्हणून काकांना चहा दिला आणि त्यांच्याकडून मेसेजमध्ये दोन आकडे वेगवेगळे लिहून घेतले, भाडं १७,२८०, मेंटेनन्स २,३५०. आता बँकेतूनही दोन वेगळ्या रकमा पाठवते, एकीच्या पुढे "भाडे" लिहून, दुसरीच्या पुढे "मेंटेनन्स".