नावे पडलेले पैसे

बँकेत आपल्या नावानं काही आपोआप होऊ लागलं की त्यात आपलं नुकसानच असणार, असं मी पक्कं धरून चालले होते. मी नांदेडला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते, मुलांकडून गणितं सोडवून घेते. तरी आपल्याच खात्याचं गणित मांडून पाहावं असं मला फार उशिरा सुचलं. ते का, हे स्वतःला विचारते तेव्हा उत्तर वडिलांपर्यंत जातं.

वडिलांचं खातं स्टेट बँक ऑफ हैदराबादमध्ये होतं. आमच्या भागात तिला सगळे हैदराबाद बँकच म्हणत. १ एप्रिल २०१७ ला ती स्टेट बँकेत विलीन झाली, पण वडिलांच्या तोंडातलं नाव शेवटपर्यंत बदललं नाही. मुदत ठेव म्हणजे त्यांच्या लेखी कागदी पावती. त्यांनी एकदाच वेगळं काही केलं, अर्धा टक्का व्याज जास्त मिळतं म्हणून एका सहकारी बँकेत ठेव ठेवली. त्या बँकेवर निर्बंध आले आणि माझ्या लग्नासाठी साठवलेली रक्कम वर्षानुवर्षं अडकून पडली. ‘मुदत’ या शब्दाची धास्ती मला तेव्हापासून आहे. पैसे बचत खात्यात हवेत, कधीही काढता आले पाहिजेत, एवढंच अर्थशास्त्र मी त्यातून उचललं.

आमचं शेतीचं वेगळं खातं एका सरकारी बँकेत आहे. खातं उघडताना सह्या घेतल्या, त्यात स्वीप सुविधेचाही अर्ज होता. मी तो वाचला नव्हता. पहिल्यांदा तुरीचे पैसे आले, पासबुक भरून घेतलं, तर शिल्लक रकान्यात फक्त ३५,००० आणि वर ६०,००० नावे पडलेले. मी काउंटरवरच्या मुलाला सगळ्यांसमोर बोलले. तो सांगत होता, ‘मॅडम, पैसे तुमचेच आहेत, ठेवीत गेलेत.’ मी ऐकूनच घेतलं नाही. ती ठेव लगेच मोडायला लावली आणि सुविधा बंद केली. त्या ६०,००० वर एक रुपयाही व्याज मिळालं नाही, तेव्हा तर माझी खात्रीच पटली. कुठलीही मुदत ठेव सात दिवस पुरे व्हायच्या आत मोडली तर तिच्यावर व्याज मिळत नाही, हा साधा नियम मला ठाऊक नव्हता. नुकसान काही रुपयांचंच होतं, बचत खात्यात तेवढ्या दिवसांचं जे व्याज मिळालं असतं तेवढं. पण ‘बँकेनं लुबाडलं’ असं मी सहकाऱ्यांना सांगत राहिले, आणि एका मैत्रिणीला तिची हीच सुविधा बंद करायला लावली. मी भीतीला अनुभव म्हणत होते, आणि तो अनुभव दुसऱ्यांना वाटत होते.

माझी भाची लातूरला बँकेत आहे. माझी मुलगी नीटच्या तयारीसाठी लातूरला गेली, तेव्हापासून आमचं भाचीकडे जाणं वाढलं. दिवाळीत, सोयाबीनचे पैसे यायच्या आधी, तिनं मला विचारलं, ‘आत्या, तुमचे पैसे नेमके कधी लागतात?’ मी म्हणाले, कधीही लागू शकतात. ती म्हणाली, ‘तसं नाही. तारखा सांगा.’ तारखा काढल्या. पैसा येतो नोव्हेंबर-डिसेंबरात. मोठा खर्च जूनमध्ये, क्लासच्या फीचा. मधले सहा महिने ती रक्कम बचत खात्यात २.७० टक्क्यांवर पडून असायची आणि त्याच बँकेत वर्षाच्या ठेवीला ६.८० टक्के होते. तेवढ्यानं मी सुविधा पुन्हा सुरू केली, पण मन राजी झालं नव्हतं.

१२ नोव्हेंबर २०२४ ला सोयाबीनचा पहिला माल गेला, भाव क्विंटलला चार हजारांच्या आसपास. खात्यात आधीचे ३५,००० होते, वर १,५०,००० जमा झाले आणि तेवढ्यांचीच वर्षाची ठेव झाली. १० डिसेंबरला दुसऱ्या मालाचे ९६,००० आले, त्यांची दुसरी ठेव झाली. आमच्या बँकेत तेव्हा उंबरठा ३५,००० चा होता. त्याच्या वरची रक्कम किमान १०,००० असली तर हजाराच्या पटीत ठेवीत जायची. प्रत्येक वेळी गेलेली रक्कम म्हणजे स्वतंत्र ठेव. तिचा क्रमांक वेगळा, तारीख वेगळी आणि दर त्या दिवशीचा. पासबुकाचा शिल्लक रकाना फक्त बचत खात्याचा असतो, ठेवी त्यात दिसत नाहीत. पहिल्या वेळी मी घाबरले ती या रकान्यापायी.

१० जूनला फीचा चेक वटणार होता, ८०,००० चा. खात्यात दिसत होते ३५,०००. आदल्या दिवशी मी भाचीला फोन केला, म्हटलं, मी ठेव मोडून टाकते, चेक परत आला तर लेकीच्या क्लासमध्ये तोंड दाखवता येणार नाही. तिनं शांतपणे विचारलं, ‘कोणती मोडणार?’ मला उत्तर देता येईना. मी म्हटलं, जुनी, तिचे दिवस जास्त झालेत. ती म्हणाली, ‘आत्या, हात लावू नका. उद्या पासबुक भरून आणा आणि ओळ न् ओळ मला वाचून दाखवा.’

दुसऱ्या दिवशी दुपारी चेक वटल्याचा मेसेज आला. मी पासबुक भरून घेतलं आणि बँकेच्या पायरीवर बसून तिला वाचून दाखवलं. त्या दिवसाच्या ओळी अशा होत्या: ठेवीतून ४५,००० जमा, त्यावरचं व्याज जमा, चेकचे ८०,००० नावे. शिल्लक तेराशेच्या आत. ते उरलेले पैसे म्हणजे नुसतं व्याज होतं. फोनवर ती एकेक आकडा मला लिहायला सांगत होती. लागणारे ८०,०००, खात्यातले ३५,०००, कमी पडले ४५,०००. बँकेनं नेमके तेवढेच काढले होते. तेही डिसेंबरच्या ठेवीतून, म्हणजे शेवटी ठेवलेली आधी मोडून. नोव्हेंबरच्या दीड लाखाला हात लागला नव्हता, डिसेंबरच्या ठेवीतले उरलेले ५१,००० पहिल्याच ६.८० टक्क्यांवर चालू होते.

मोडलेल्या ४५,००० चं काय झालं, तेही तिनं माझ्याकडूनच काढून घेतलं. ते १८२ दिवस राहिले होते. इतक्या दिवसांच्या ठेवीचा दर तेव्हा ६.२५ टक्के होता, मुदतीआधी मोडल्याचा अर्धा टक्का दंड गेला, हाती आले ५.७५ टक्के. म्हणजे सुमारे १,२९० रुपये. तेच पैसे बचत खात्यात राहिले असते तर सहाशेच्या आसपास मिळाले असते. दंड भरूनही दुपटीहून जास्त. मी वही खाली ठेवली. दंड म्हणजे आपल्या खिशातून काहीतरी जाणं, असं मी इतकी वर्षं समजत होते. तो फक्त जास्तीच्या व्याजातून थोडं कापून घेणं होता. मुद्दल तर जसंच्या तसं होतं.

आणि मी आदल्या दिवशी जुनी ठेव मोडायला निघाले होते. त्याच वर्षी फेब्रुवारी ते जून या काळात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर साडेसहावरून साडेपाच टक्क्यांवर आणला होता, नव्या ठेवींचे दर घसरत होते. नोव्हेंबरची अख्खी ठेव मोडली असती तर गरज नसलेलेही ६.८० टक्क्यांचे पैसे मी हातानं सोडले असते. जी व्यवस्था माझी फसवणूक करते असं मी म्हणत होते, तिनं त्या दिवशी माझ्यापेक्षा शहाणपणानं माझे पैसे मोडले होते. मला बरं वाटलं आणि शरमही वाटली. काउंटरवरचा तो मुलगा आठवला. तो अगदी हेच सांगत होता आणि मी त्याला वाक्य पुरं करू दिलं नव्हतं.

नोव्हेंबर २०२५ ला दीड लाखाची ठेव पुरी झाली, १०,४०० च्या वर व्याज पडलं. बचत खात्यात ते चार हजारांच्या आसपास झालं असतं. त्या सप्टेंबरात मराठवाड्यात पुरानं सोयाबीन गेलं होतं, आमचंही रान पाण्याखाली होतं. हरभऱ्याच्या पेरणीला हेच पैसे कामी आले.

तरी आता मी सगळ्यांना ‘सुरू करा’ म्हणत सुटत नाही. एकदा आंधळेपणानं नको म्हटलं, तसंच आंधळेपणानं हो म्हणायचं नाही. या व्याजावर कर ठेवीच्या व्याजासारखा लागतो. जुन्या करपद्धतीत बचत खात्याच्या व्याजाला दहा हजारांपर्यंत जी सूट मिळते, ती याला मिळत नाही. पुष्कळ जण हे विवरण भरताना विसरतात. विमाही वाढत नाही. बचत खातं आणि त्यातून निघालेल्या सगळ्या ठेवी मिळून एका बँकेत एका खातेदाराला संरक्षण पाच लाखांपर्यंतच आहे. वडिलांचं जे झालं ते खरंच होतं. त्याचं कारण बँकेच्या प्रकृतीत होतं आणि मी ते ठेवीच्या प्रकारावर ढकललं होतं.

ज्या मैत्रिणीला मी सुविधा बंद करायला लावली होती, तिच्याकडे वही घेऊन गेले. तिचे दोन लाख मधल्या काळात बचत खात्यातच होते. वर्षाला आठ हजारांच्या आसपास गेले, असं मी तिला स्पष्ट सांगितलं. ती रागावली नाही. तिनं उलट विचारलं की तिच्या पगाराच्या खात्यात पैसे येतात आणि आठवड्याच्या आत हप्ते, किराणा आणि दवाखाना यात जातात, तिथं हे चालेल का. आम्ही तिचं पासबुक उघडून बसलो. त्या खात्यात नाहीच चालणार. उंबरठ्यावर काही उरलंच, तर सात दिवसांत ठेव होऊन मोडणार आणि व्याज बुडणार. पण दोन लाख मात्र तिच्या दुसऱ्या खात्यात होते, लेकाच्या लग्नासाठी ठेवलेले, तारीख न ठरलेले. त्या खात्यासाठी आम्ही बँकेत जाऊन तीन गोष्टी विचारल्या: उंबरठा किती, ठेव किती मुदतीची होते, आणि मोडताना आधी कोणती मोडते. तिच्या बँकेतही शेवटची आधी मोडत होती. ते ऐकून तिनं अर्ज मागितला आणि या वेळी आम्ही दोघींनी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.