उसण भरल्यावर

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस अस्थिरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात कंबर धरलेल्यांची गर्दी असते. माळे रिकामे होतात, कपाटं सरकतात, धान्याच्या कोठ्या उन्हात जातात. गेल्या वर्षी याच दिवसांत एक बाई नवऱ्याच्या खांद्याचा आधार घेत आत आल्या. वय चाळिशीतलं. ओट्याखालची गव्हाची कोठी वाकून बाहेर ओढली, उचलली आणि उचलता उचलता दाराकडे वळल्या. तेवढ्यात कंबरेत चमक निघाली. त्यानंतरचे चार दिवस त्या घरात खाली चटईवर पडून होत्या. फळीसारख्या कडक जागेवर झोपायचं आणि हलायचं नाही, असं सगळ्यांनी सांगितलं होतं.

कोठी फार तर पंधरा किलोंची असेल. पण मणक्यांना सरळ धरणारे पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम दोन इंचांवर असतात आणि हात लांब करून धरलेली कोठी वीसेक इंचांवर. म्हणजे ती तोलायला स्नायूंना दहापट, सुमारे दीडशे किलोंचा जोर लावावा लागतो. पुढे झुकलेल्या धडाचं वजन वेगळंच. त्यात पीळ पडला की एखादा स्नायू, सांध्याचं आवरण किंवा चकतीची बाहेरची कड ताणली जाते. नेमकं काय दुखावलं हे बहुतेक वेळा ठामपणे सांगता येत नाही, आणि उपचारासाठी ते कळायलाच हवं असंही नाही. मात्र आजूबाजूचे स्नायू लगेच आखडतात. सुरुवातीच्या दिवसांतल्या वेदनेचा मोठा वाटा या आखडण्याचा असतो.

तपासताना मी त्यांना उताणं झोपवून एकेक पाय सरळ वर उचलून पाहिला. कंबर दुखली, पण गुडघ्याखाली कळ गेली नाही. पायाच्या अंगठ्यांत जोर होता. टाचांवर आणि चवड्यांवर त्या हळूहळू का होईना, चालल्या. मग मी विचारलं, "ताई, लघवी नीट होते का?" त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग खाली पाहत म्हणाल्या, "कमीच होते."

हे उत्तर तिथेच सोडून चालत नाही. आपली मज्जारज्जू कंबरेच्या वरच्या भागातच संपते आणि तिथून खाली नसांचा जुडगा उतरतो. त्यातल्याच नसा मूत्राशय, गुदद्वार आणि जननेंद्रियांकडे जातात. खालच्या चकतीचा मोठा तुकडा मधोमध निसटला तर हा सगळा जुडगा दाबला जातो. अशा माणसाचं मूत्राशय तुडुंब भरतं, पण लघवीला लागल्याची जाणीवच होत नाही. कुंथावं लागतं, धार बारीक पडते, पुढे नकळत थेंब थेंब गळू लागतात. सायकलच्या सीटला टेकतो तेवढा भाग बधिर होतो, शौचानंतर धुताना हात लागल्याचं कळत नाही. हे होतं क्वचितच. पण झालं तर दाब काढण्याची शस्त्रक्रिया तासांच्या हिशोबात करावी लागते. उशीर झाला तर पाय सावरतात आणि लघवीवरचा ताबा मात्र कायमचा जाऊ शकतो.

नवऱ्याला बाहेर बसवून नर्ससमोर पुन्हा विचारलं, तेव्हा उलगडा झाला. उठताना कळ येते म्हणून बाई चार दिवस पाणीच कमी पीत होत्या. लघवीला लागल्याचं स्पष्ट कळत होतं आणि धारही नेहमीसारखी होती. कापसाचा स्पर्श दोन्ही बाजूंना सारखा जाणवला. धोका नव्हता. त्यांचा खरा त्रास त्या चटईचा होता.

1995 साली हेलसिंकी शहराच्या 186 कर्मचाऱ्यांवर झालेला एक अभ्यास मी रुग्णांना नेहमी सांगतो. सगळ्यांची कंबर नुकतीच धरली होती. काहींना दोन दिवस झोपून राहायला सांगितलं, काहींना पाठीचे व्यायाम दिले, बाकीच्यांना झेपेल तसे रोजचे व्यवहार चालू ठेवायला सांगितले. सर्वांत लवकर सावरले ते व्यवहार चालू ठेवणारे आणि सर्वांत मागे राहिले ते झोपून राहणारे.

म्हणून बाईंना सांगितलं, की जागेपणी दर अर्ध्या-पाऊण तासाने उठायचं आणि पाच मिनिटं घरातच चालायचं. स्वयंपाक करायला हरकत नाही, फक्त ओट्यापाशी एक पाय पाटावर ठेवायचा आणि थोड्या वेळाने पाय बदलायचा. केरसुणी, पाण्याची बादली आणि उकिडवं बसणं दोन आठवडे बंद. चालताना थोडं दुखणारच. चालून झाल्यावर तासाभरात ते पूर्वपदावर आलं तर तेवढं चालणं योग्य. कळ मांडीतून पोटरीकडे उतरू लागली तर कमी करायचं. पायातलं दुखणं वर कंबरेकडे सरकत असेल, तर कंबर जास्त दुखली तरी ती सुधारणेची खूण आहे.

झोपायला त्यांना पलंगावर पाठवलं. जमिनीवरून उठणं म्हणजे दर वेळी दुखऱ्या कंबरेतून पूर्ण वाकणं. गादी फार मऊही नको आणि फळीसारखी टणकही नको. कुशीवर झोपून गुडघे थोडे दुमडायचे आणि मध्ये गोधडीची जाड घडी ठेवायची, म्हणजे वरचा पाय खाली पडून कंबर पिळली जात नाही. उताणं बरं वाटत असेल तर गुडघ्यांखाली लोड. पालथं झोपल्याशिवाय झोपच येत नसेल तर पोटाखाली पातळ उशी. उठताना आधी कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे आणि हातांनी रेटा देत बसायचं. रात्रभर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात, म्हणून सकाळचा पहिला तासभर वाकणं टाळायचं.

दुखण्याची गोळी चार-पाच दिवस उपयोगी पडते, पण अल्सर, मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्तदाब असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नये. एमआरआय बाईंना हवा होता, मी नाही म्हटलं. 1994 मध्ये कंबर अजिबात न दुखणाऱ्या 98 जणांचे एमआरआय तपासले गेले, त्यांतल्या जेमतेम 36 टक्के लोकांच्या सगळ्या चकत्या ठीकठाक होत्या. म्हणजे फोटोत दिसलेली चकती हेच दुखण्याचं कारण, असं मानता येत नाही. पायाळू माणसाचा पाय लावून उसण उतरल्याचं खूप जण सांगतात. बहुतेकांची कंबर काही दिवसांत आपसूकच सुटू लागते, त्यामुळे त्या पायाला यश येतं. नुसता पाय लावण्याला माझा विरोध नाही. पण कंबरेवर उभं राहून तुडवणं, झटका देऊन ओढणं हे कुणीच करू नये. उतारवयातल्या ठिसूळ मणक्याचा त्यात चुरा होऊ शकतो.

बाई दहाव्या दिवशी एकट्या चालत आल्या. पण प्रत्येक कंबरदुखी अशी सुटत नाही. सत्तरीतल्या आजींना हलकी घागर उचलूनही पाठीत तीव्र कळ आली, किंवा कुणी वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेत असेल, तर मणका मोडल्याची शंका घेऊन एक्स-रे काढावा. संध्याकाळचा ताप, घटणारं वजन, रात्री पडून राहिल्यावरही न थांबणारी आणि आठवड्यागणिक वाढणारी वेदना असेल, तर आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग आधी आठवावा. पूर्वी कर्करोग झालेल्यांनीही अशी वेदना अंगावर काढू नये. चालताना एका पायातली चप्पल सारखी निसटत असेल तर पाऊल उचलणारा स्नायू लुळा पडत असेल, त्याच दिवशी दाखवायला हवं.

लघवीची किंवा सायकलच्या सीटला टेकणाऱ्या जागेच्या बधिरपणाची लक्षणं दिसली, दोन्ही पायांत एकदम कळा किंवा अशक्तपणा आला, तर सकाळची वाट पाहू नका. एमआरआय आणि मणक्याची शस्त्रक्रिया जिथे होते अशा रुग्णालयात रात्रीच जा. तिथे नुसतं 'कंबर दुखते' सांगितलं तर तुम्हाला रांगेत बसवतील. लघवी कधीपासून अडली, कुठे स्पर्श कळत नाही आणि तो किती वाजल्यापासून, हे आधी सांगा. रुग्णाला लाज वाटत असेल तर सोबतच्या माणसाने सांगावं.