मराठीत बोलले तर चालेल का?

वाचकहो, ज्यांची मुले अमेरिकेत स्थायिक झाली आहेत अशा आईबापांना उतारवयात एक परीक्षा द्यावी लागते. ती उभ्याने द्यावयाची असते, काचेच्या खिडकीपुढे द्यावयाची असते आणि बहुधा दोन-चार मिनिटांत संपते. व्हिसाची मुलाखत ती हीच. या मुलाखतीत आमच्या सौभाग्यवतींनी कोणत्या भाषेत बोलावे, हा प्रश्न आमच्या घरी कसा उभा राहिला व कसा सुटला, ते आपणांस सांगावे असे वाटते. कारण आपल्यापैकी अनेकांवर तोच प्रसंग येणार आहे.

आम्ही इंदूरचे. मुलगा तिकडे नोकरीस आहे. त्याची मुलगी सात महिन्यांची झाली तरी आजीने तिला मांडीवर घेतलेले नव्हते; जी काही भेट होई ती फोनच्या पडद्यावर. तेव्हा आम्ही दोघांनी दोन महिन्यांसाठी जाऊन यावयाचे ठरविले. मुलाखतीची तारीख मिळाल्यावर चिरंजीवांनी एका रविवारी फोनवरून आमची तालीम घेतली. त्याने आईला विचारले, “हाऊ लाँग विल यू स्टे?” तिने क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, “थर्टी टू इयर्स!”

आम्ही सारे पोट धरून हसलो. तिला ‘स्टे’ एवढा एकच शब्द कळला होता आणि इंदुरास येऊन किती वर्षे झाली असे कोणी विचारीत आहे, अशी तिची समजूत झाली होती. रात्री मात्र मला त्या उत्तराचे हसू येईना. अमेरिकेच्या कायद्यात २१४(ब) असे एक कलम आहे. त्याचा आशय असा की, पर्यटक म्हणून येऊ इच्छिणारा मनुष्य कायमचा राहावयासच येत आहे असे प्रथम धरून चालावे, आणि तसे नाही हे त्याने अधिकाऱ्याला पटवून द्यावे. अशा अधिकाऱ्यापुढे “बत्तीस वर्षे राहणार” हे उत्तर किती महागात पडले असते, याची कल्पना आपणच करावी. तिचे म्हणणे पूर्ण खरे होते. खोटे पाडीत होती ती केवळ भाषा.

चौकशी करता कळले की, पर्यटक व्हिसासाठी इंग्रजी येणे ही अटच नाही. मुंबईच्या वकिलातीत मराठी, हिंदी व गुजराती बोलणारे अर्जदार नित्य येतात आणि त्यांच्यासाठी तेथेच दुभाष्याची सोय असते. घरचे माणूस दुभाषी म्हणून सोबत नेण्याची गरज नाही. नेऊ म्हटले तरी आत बहुधा केवळ अर्जदारांनाच सोडतात. हैदराबाद, चेन्नई, कोलकाता किंवा दिल्ली येथे मुलाखत असेल, तर मात्र मराठीची खात्री धरू नये. तेथे हिंदीची विनंती करणे शहाणपणाचे. मराठीच हवी असेल तर तारीख घेतानाच मुंबई निवडावी.

तयारीचा आरंभ अर्जापासूनच होतो. डी.एस. १६० या नावाचा तो अर्ज इंग्रजीतच भरावा लागतो व बहुधा तो मुलगा किंवा सूनच भरते. त्यात दोन प्रश्न आपल्या विषयाचे आहेत. तुम्हांला कोणत्या भाषा येतात, हा पहिला. तेथे आम्ही सौ.च्या नावापुढे मराठी आणि हिंदी एवढेच लिहिले. शोभेसाठी इंग्रजी लिहावी आणि खिडकीपाशी मराठी मागावी, हे विसंगत दिसते. अर्ज भरण्यास कोणी साहाय्य केले काय, हा दुसरा. त्याचे उत्तर प्रामाणिकपणे ‘होय’ असे द्यावे. मग पूर्ण अर्ज मराठीत समजावून घ्यावा. मुलाने अर्जात दोन महिने लिहिलेले असावेत आणि आईने “बघू, चार-सहा महिने राहू” म्हणावे, असे झाले तर कोणताही दुभाषी तिला वाचवू शकणार नाही.

विनंती केव्हा करावयाची? पहिला प्रश्न येण्यापूर्वी. मध्येच अडखळून भाषा बदलली तरी चालते, परंतु तोवर एखादे चुकीचे ‘येस’ तोंडून निघून गेलेले असते. न समजलेल्या प्रश्नाला मान डोलावणे हा आपला जुना शिष्टाचार तेथे घातक ठरतो. म्हणून सौ.ने एकच इंग्रजी वाक्य पाठ केले : “गुड मॉर्निंग. मे आय स्पीक इन मराठी ऑर हिंदी, प्लीज?” ‘आय डोण्ट नो इंग्लिश’ असे ओशाळून सांगण्याऐवजी काय हवे ते सांगितले, की समोरच्यालाही पुढे काय करावयाचे ते लगेच कळते. हिंदीचा उल्लेख मुद्दाम ठेवला. कारण एखाद्या अधिकाऱ्यास ती स्वतःलाच येत असते व मग दुभाष्याची वाट पाहावी लागत नाही.

घरी आम्ही बोलण्याची रीतही बसविली. एका वेळी एकच लहान वाक्य बोलावे आणि भाषांतर होईतो थांबावे. पाहावे अधिकाऱ्याकडे, दुभाष्याकडे नव्हे. महिना सांगावयाचा तो एप्रिल-मे असा. “अक्षय्य तृतीयेनंतर” असे म्हटले की दुभाषी घोटाळ्यात पडतो. “आमची मुले तिकडे असतात” हेही मोघमच. एक मुलगा तिकडे, एक मुलगी उज्जैनला, असे सरळ सांगावे.

वांद्रे-कुर्ला संकुलातील त्या इमारतीत आमचा क्रमांक आला, तेव्हा सौ.ने ते वाक्य म्हटले. अधिकारी बाईंनी स्मित करून मान हलविली आणि आम्हांस क्षणभर बाजूला उभे राहावयास सांगितले. माझ्या छातीत धस्स झाले. पण ते केवळ दुभाष्यासाठी थांबणे होते. लवकरच काचेपलीकडून स्वच्छ मराठी ऐकू आले, “काकू, कोणाकडे चाललात?”

“मुलाकडे. नात झाली आहे, तिला बघायला.”

“किती दिवस राहणार?”

तोच प्रश्न! सौ. अधिकारी बाईंकडे पाहून म्हणाली, “दोन महिने. एप्रिल आणि मे.”

“परत का येणार?”

येथे मी तोंड उघडणार होतो, पण आवरले. पत्नीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर पतीने दिले, तर तिला माहीतच नाही असा समज होतो. ती म्हणाली, “सासूबाई नव्वदीच्या आहेत. दोन महिने मुलगी सांभाळील. पुढे मलाच बघायचे आहे.” इतके नेमके उत्तर तिला इंग्रजीत जन्मात देता आले नसते. मला निवृत्तिवेतनाविषयी एक प्रश्न झाला आणि आमचे पासपोर्ट आत ठेवून घेण्यात आले. व्हिसा मंजूर झाल्याची ती खूण.

भाषा बदलल्याने दुबळा अर्ज सबळ होत नाही, हे ध्यानी असू द्यावे. आमची कारणे खरी होती, म्हणून ती मराठीत पोहोचली. शिक्षणासाठी जाणाऱ्या मुलामुलींनीही हा मार्ग आपला समजू नये. ज्यांना तिकडे इंग्रजीतून शिकावयाचे आहे, त्यांचे इंग्रजी अधिकारी पाहणारच. परंतु नातवंडांस भेटावयास निघालेल्या आजी-आजोबांनी संकोच करू नये. ते एक वाक्य पाठ करावे आणि पहिल्या प्रश्नाआधी म्हणावे.

नात आता चालू लागली आहे. “थर्टी टू इयर्स” ही गोष्ट तिला कळेल अशा वयाची ती होण्याची आम्ही वाट पाहत आहोत.