क्षमा न मागणारी प्रार्थना

पत्रिका, मानपत्रं, श्रद्धांजलीचे फलक असा मजकूर लिहून देणं हे माझं काम. नाशिकमध्ये या कामाला खळ नसतो. कोणाच्या दुःखाला किती ओळी पुरतात याचा मला अंदाज आहे, असं मी समजत होते. मग तिसऱ्या महिन्यात आमचा गर्भ गेला आणि घरात म्हणता येईल असं काही लिहायची वेळ माझ्यावरच आली.

लिहायचं कारण साधं होतं. रामकुंडावर अस्थी येतात, दशक्रिया होते, पण इतक्या लवकर गेलेल्यासाठी तिथे काही नाही. अस्थी नाहीत, नाव नाही. जुन्या शास्त्रातही गर्भस्रावाला जितके महिने तितक्या रात्रींचं अशौच सांगितलंय, तेही आईपुरतं. पुढे विधी नाही. शिवाय आमच्या घरात सासूबाई वारकरी, नवरा देव न मानणारा, आणि मी अधूनमधून मानणारी. तिघांना एकत्र, खोटं न बोलता म्हणता यावं, एवढीच अट होती.

पहिली अडचण संबोधनाची. ‘हे निसर्गा’ लिहून पाहिलं. शाळेच्या वक्तृत्वस्पर्धेसारखं वाटलं. ‘हे अनंता’वर नवऱ्याने मान हलवली. सासूबाई म्हणाल्या, “अगं, पसायदानात तरी माउलींनी कुठं नाव घेतलंय?” खरंच, तिथे विश्वाच्या आत्म्याकडे मागणं आहे, कोणा एका नावाच्या देवाकडे नाही. तरी ऐकणारा कोणीतरी आहे हे त्यात गृहीत आहेच. मी तेवढंही सोडलं. उलट पूजेच्या संकल्पातून एक गोष्ट घेतली: मागण्याआधी आपण गोदावरीच्या कोणत्या तीरावर उभे आहोत ते सांगायचं. जागा खरी असली की ऐकणारा कोण, हा प्रश्न थोडा मागे सरतो.

दुसरी अडचण आकड्याची. तारखेप्रमाणे नववा आठवडा चालू होता. सोनोग्राफीत दिसलं की वाढ सातव्यातच थांबली होती, ठोके नव्हते. रक्तस्राव नाही, दुखणं नाही, शरीराला पत्ताच नाही. असं होतं, डॉक्टरांना ते नवीन नसतं. पण प्रार्थनेत ‘सात’ लिहा की ‘नऊ’, मनात लगेच हिशेब सुरू होई: थांबलं त्या दिवशी मी काय करत होते? म्हणून ‘थोडे दिवस’ लिहिलं. मुलगा की मुलगी, तेही ठरवावं लागलं नाही. मराठीतलं नपुंसकलिंग इथे कामी आलं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला शेवटच्या ओळीने. आपल्या प्रार्थना, आरत्या, पूजा, सगळ्यांच्या शेवटी क्षमा मागायची सवय आहे. माझ्याही हातून आपसूक उतरलं, ‘आमचं काही चुकलं असेल तर पदरात घे.’ लय चांगली होती. अशा ओळी लयीमुळेच तपासल्या जात नाहीत. पण पहिल्या तीन महिन्यांत गर्भ जातो तेव्हा साधारण निम्म्या वेळा कारण गुणसूत्रांतल्या गडबडीत असतं, आणि ती बहुतेकदा गर्भ धरतानाच झालेली असते. स्कूटरवरून जाणं, जिना चढणं, ऑफिसला जाणं यांनी ती होत नाही. माझ्या बाबतीत नेमकं काय झालं ते कोणी तपासलं नाही. पहिल्या वेळेला सहसा तपासत नाहीत. भेटायला आलेल्या बायका मात्र “पपई खाल्ली होतीस का?” विचारतच होत्या. ती ओळ ठेवली असती तर तोच प्रश्न मी रोज संध्याकाळी स्वतःला विचारला असता, तोही हात जोडून. ओळ काढली. सासूबाईंना शेवट उघडा वाटला. थोड्या वेळाने म्हणाल्या, “असू दे.”

मोठ्याने म्हणून बघताना घसा कुठे अडतो ते कळतं. ‘बाळ’ पहिल्याच ओळीत होतं तेव्हा पुढे जाताच येईना. तो शब्द काढल्यावर शेवटपर्यंत पोचता आलं. उरलं ते असं:

कोणी ऐकत असेल, किंवा नसेलही,
गोदेच्या काठावरून आम्ही सांगतो आहोत.
थोडे दिवस कोणीतरी आमच्यात होतं.
त्याचं येणं आम्हाला हवं होतं.
ते कुठे असेल, किंवा कुठेच नसेल, त्याला काही दुखू नये.
या शरीराने जमेल तितकं सांभाळलं, त्याला विसावा मिळो.
घरात त्याचा विषय निघाला तर कोणी तो बदलू नये.
उद्या सकाळी आम्हाला भूक लागो.

भुकेची ओळ नवऱ्याची. मला ती आधी फार घरगुती वाटली होती. पण आठ ओळींतली तीच एक अशी, की खरी झाली का ते दुसऱ्या दिवशी कळतं.

पुढे सांगलीच्या मामेबहिणीवर हीच वेळ आली, तेव्हा तिने ही प्रार्थना मागून घेतली. गोदेच्या जागी कृष्णा घातली, ‘थोडे दिवस’चे ‘तीन महिने’ केले. तिला आकडा हवा होता. तिचा हिशेब वेगळा. शेवटी क्षमेची एक ओळ घालू का, असं तिने फोनवर विचारलं. मी विचारलं, कशाबद्दल? ती म्हणाली, बघते.