अजून नाही, असं कळवताना

आमच्या घरी स्थळाला नकार द्यायची रीत ठरलेली होती. काका पोस्टकार्डावर लिहीत, ‘पत्रिका जुळत नाही.’ पत्रिका पुष्कळदा उघडलेलीही नसे. पण त्या थापेत एक सोय होती. दोष ग्रहांवर जाई आणि समोरची मंडळी दुसरं स्थळ बघायला मोकळी होत. खरा छळ ‘कळवतो’ या उत्तराचा. त्याच्या भरवशावर माझ्या मावशीची एक अख्खी लग्नसराई गेली.

ताईच्या वेळी सगळं विवाहाच्या संकेतस्थळावर आलं आणि नकाराला बटण मिळालं. माझी अडचण वेगळी होती. मला नकार द्यायचाच नव्हता. डेटिंग ॲपवर ओळख झालेला, काही महिने भेटत असलेला मुलगा म्हणाला, “आता दोघंही ॲप काढून टाकूया का?” तो मला आवडत होता. पण मी आणखी एकालाही भेटत होते. ‘उद्या सांगते’ म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी लिहायला बसले.

पहिल्या खर्ड्यात ‘सध्या कामाचा फार ताण आहे’ आलं. ते खोडलं, नाहीतर काम संपायची वाट बघत बसला असता. ‘तू खूप चांगला आहेस, पण’ हेही गेलं. त्या ‘पण’नंतर आधीचं कौतुक कोणी वाचत नाही. ‘मला थोडा वेळ दे’ खोडायला जिवावर आलं, कारण ते खरं वाटत होतं. पण थोडा म्हणजे किती, हे मलाच माहीत नव्हतं. म्हणजे ते काकांच्या काळातलं ‘कळवतो’च झालं असतं.

शेवटी पाठवलं ते असं: ‘तू सरळ विचारलंस, बरं वाटलं. मला तुला भेटत राहायला आवडेल. पण फक्त एकमेकांनाच भेटायचं, असं ठरवायला मी अजून तयार नाही. मी आणखी एकाला भेटते, हे तुला माहीत असायला हवं. कधी तयार होईन ते आज सांगता येत नाही, म्हणून माझ्यासाठी थांब असं म्हणत नाही. तुला हे चालणार नसेल तर तसं सांग. बोलावंसं वाटलं तर फोन कर.’

दुसऱ्याचं नावगाव मुद्दाम घातलं नाही. ते सांगायचा हक्क मला नव्हता. आणि फोनऐवजी लिहिलं, ते स्वतःला सावरायच्या आधीच त्याला उत्तर द्यावं लागू नये म्हणून.

दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं. त्याला हे जमणार नव्हतं. मी ‘समजलं’ लिहिलं आणि त्याला परत विचारायला गेले नाही. हा भाग निरोपाइतकाच महत्त्वाचा आहे. तेव्हा असं काही पाठवलंत, तर आठवड्याने रात्री अकराला ‘झोपलास का?’ तेवढं विचारू नका.