ट्रॅक्टरची वॉरंटी आज संपतेय म्हणणारे फोन

हरभऱ्याची पेरणी चालू आहे, त्याबद्दल दोन दिवसांनी लिहितो. आज ट्रॅक्टरवाल्यांसाठी एक गोष्ट आधी सांगायची आहे, कारण दसरा-दिवाळीला घेतलेल्या ट्रॅक्टरची वर्षं आता भरत आहेत आणि त्याच बेताने फोन सुरू झालेत.

माझ्या धाकट्या चुलत भावाने दोन वर्षांमागे दसऱ्याला, म्हणजे 24 ऑक्टोबर 2023 ला ट्रॅक्टर घेतला. दसऱ्याचा मुहूर्त म्हणून त्या दिवशी ट्रॅक्टर दारात आणला. कागदपत्रं मागून झाली आणि एमएच-22 चा नंबर पडला 9 नोव्हेंबरला. ह्या दोन तारखा ध्यानात ठेवा, सगळी गोष्ट ह्यांच्यातच आहे.

यंदा 8 नोव्हेंबरला, शनिवारी सकाळी त्याला फोन आला. बाई गोड बोलत होती. "सर, आपल्या ट्रॅक्टरची कंपनी वॉरंटी आज रात्री बारा वाजता संपतेय." गाडीचा नंबर बरोबर सांगितला, मॉडेल बरोबर सांगितलं, नाव बरोबर घेतलं. आज 6800 रुपये भरले तर वॉरंटी आणखी तीन वर्षं वाढते, इंजिन, गिअर, हायड्रॉलिक, टायर, बॅटरी सगळं त्यात. उद्यापासून हेच 19 हजारांना. आणि वरून असंही म्हणाली की वॉरंटी नसलेलं वाहन रस्त्यावर दिसलं तर आरटीओ दंड करतो.

सप्टेंबरच्या पावसात त्याचं सोयाबीन पाण्यात गेलं, हे इथल्या लोकांना माहीत आहे. अनुदानाचे थोडे पैसे खात्यावर आलेले. माणूस विचार करतो, रब्बीच्या तोंडावर ट्रॅक्टरचं काही निघालं तर आणायचे कुठून? त्याने भरले. फोनवर पैसे पाठवताना समोर कंपनीचं नाव आलं नाही, कुण्या बाप्याचं नाव आलं. त्याने विचारलंही. "आमचे अकाउंट मॅनेजर आहेत सर," एवढ्यावर तो गप्प बसला. डीएपीची पिशवी 1350 धरली तर पाच पिशव्यांचे पैसे गेले म्हणा.

तीन वाजता परत फोन. आता जीएसटी राहिला म्हणे, 18 टक्क्यांनी 1224 रुपये, तो भरल्याशिवाय सर्टिफिकेट निघत नाही. तेव्हा तो माझ्याकडे आला. "दादा, जरा तुम्ही बोला," म्हणाला. मी सर्व्हिसचं पुस्तक मागवलं आणि फोन स्पीकरवर ठेवला.

मी फक्त एवढंच विचारलं, "बाई, आमचा ट्रॅक्टर किती तास चाललाय?" थोडा वेळ टकटक आवाज आला. मग म्हणाली, "सर, सिस्टीममध्ये चोवीस हजार किलोमीटर दाखवतंय."

आता हसावं का रडावं? ट्रॅक्टरची वॉरंटी किलोमीटरवर नसते, ती तासावर असते. भावाच्या पुस्तकात लिहिलेलं आहे, दोन वर्षं किंवा 2000 तास, जे आधी होईल ते. तुमच्या कंपनीचं वेगळं असेल, कुणी पाच वर्षं देतं, कुणी सहा, पण वर्षाच्या जोडीला तास बहुतेक पुस्तकांत असतातच. आणि तास किती झाले हे आवर मीटर सांगतो. तो मीटर आपल्या डॅशबोर्डवर आहे, दिल्लीच्या कुठल्या सिस्टीममध्ये नाही. नोंदीत असतील तर मागच्या सर्व्हिसला वर्कशॉपमध्ये लिहिलेले तास. आमच्या मीटरवर त्या दिवशी 1340 होते. एखाद्याने रोटाव्हेटर आणि मळणी यंत्र भाड्याने चालवून वर्षभरातच 2000 तास केले, तर त्याची वॉरंटी तारखेआधीच संपलेली असते. म्हणून फोनवर बसलेल्या माणसाला "आज संपतेय" हे सांगताच येत नाही. बाईच्या हातात कारसाठी लिहिलेला कागद होता, तो तिने ट्रॅक्टरवाल्याला वाचून दाखवला.

दुसरी चूक तारखेची. वॉरंटी मोजतात ती डिलिव्हरीच्या दिवसापासून. पुस्तकाच्या पहिल्या पानावर डीलरचा शिक्का आणि 24 ऑक्टोबर 2023 आहे. म्हणजे दोन वर्षं 23 ऑक्टोबर 2025 लाच भरली. बाई म्हणत होती त्याच्या सोळा दिवस आधी वॉरंटी संपून गेली होती! मग 8 नोव्हेंबर आला कुठून? नंबर पडल्याची तारीख 9 नोव्हेंबर 2023. तिच्यात दोन वर्षं मिळवली की 8 नोव्हेंबर 2025. तिच्याकडे फक्त आरटीओच्या नोंदणीची तारीख होती, शोरूमची नव्हती.

ही नोंदणीची तारीख कुणालाही दिसते. सरकारच्या एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की मॉडेल, नोंदणीची तारीख, विमा कधीपर्यंत आहे हे समोर येतं. मालकाच्या नावातली काही अक्षरं झाकलेली असतात, चेसिस नंबरचे काही आकडेही फुल्या मारून झाकलेले असतात. बाईने व्हॉट्सॲपवर जी पावती पाठवली होती, तिच्यावर कंपनीचं चिन्ह ठळक होतं, पण चेसिस नंबराच्या शेवटी आकड्यांच्या जागी फुल्याच होत्या. खरी वॉरंटी चेसिस नंबरवर निघते. फुल्यांवर कुठली निघते?

राहिला मोबाईल नंबर. तो ॲपवर दिसत नाही. 2019 साली केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने वाहनांच्या नोंदींची माहिती एकगठ्ठा विकण्याचं धोरण केलं होतं. त्याच वर्षी गडकरी साहेबांनी संसदेत सांगितलं होतं की 87 खासगी आणि 32 सरकारी संस्थांना माहिती दिली आणि 65 कोटी मिळाले. जून 2020 मध्ये ते धोरण मागे घेतलं. बरेच जण सगळा दोष तिथेच टाकतात, पण आमचा ट्रॅक्टर 2023 चा, त्याला हे लागू होत नाही. आपण कर्जाच्या फाईलला, विम्याला, प्रदर्शनातल्या कूपनावर, झेरॉक्सच्या दुकानात नंबर देतच असतो. आरसीची झेरॉक्स आणि तिच्यावर पेनाने लिहिलेला मोबाईल नंबर, एवढं कुणाच्याही हाती लागलं की झालं.

अमेरिकेत हेच फोन आंधळे असतात. माझ्या साडूचा मुलगा तिकडे आहे, तो सांगतो की कार नसलेल्यालाही "तुमच्या कारची वॉरंटी संपतेय" म्हणून मशीन फोन करतं. तिथल्या सरकारी दूरसंचार आयोगाने 2023 च्या ऑगस्टमध्ये अशा एका टोळीला जवळपास 30 कोटी डॉलरचा दंड लावला. 2021 मध्ये तीन महिन्यांत त्यांनी पाच अब्जांच्या वर फोन केले होते. आपल्याकडे मशीन नाही, माणूस बोलतो, आणि त्याला गाडीचा नंबर माहीत असतो. म्हणून आपला माणूस जास्त फसतो.

पुढे आम्ही शोरूमला फोन लावला. नंबर बाईने दिलेला नाही, खरेदीच्या बिलावरचा. तिथल्या पोराने दोन मिनिटांत सांगितलं की वाढीव वॉरंटी त्यांच्याकडे मिळते, पण मूळ वॉरंटी चालू असतानाच. सगळ्या सर्व्हिस वेळेवर कंपनीच्या वर्कशॉपमध्ये झालेल्या पाहिजेत, ट्रॅक्टर तपासतात, मग शोरूमच्या बिलावर चेसिस नंबरासकट सर्टिफिकेट देतात. मूळ मुदत संपल्यावर ती निघत नाही. म्हणजे भावाने जी वस्तू विकत घेतली ती जगात नव्हतीच. टायर-बॅटरीचं विचारलं तर म्हणाला, त्यांची वॉरंटी ज्या त्या कंपनीची वेगळी. क्लच प्लेट, फिल्टर, ऑइल, पट्टे हे झिजणारं सामान, ते वाढीव वॉरंटीतही येत नाही. "सगळं कव्हर" म्हणणारा तिथेच उघडा पडतो.

आरटीओच्या दंडाची भीती सगळ्यात खोटी. वॉरंटी असावी असा कुठलाच कायदा नाही. कायद्याने सक्तीचा आहे तो थर्ड पार्टी विमा. तो नसला तर पहिल्या वेळी 2000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. ही माणसं विमा आणि वॉरंटीची खिचडी करून वाढतात. विम्याची तारीख बघायची असेल तर पॉलिसीवर बघा, आणि ट्रॉलीचीही बघा.

काही जण सांगतात की अनोळखी दहा आकडी नंबर दिसला की उचलू नका. जाहिरातीचे फोन 140 पासून सुरू होणाऱ्या नंबरवरून यावेत असा नियम आहे खरा. पण आमच्या शोरूमचा पोरगा सर्व्हिसची आठवण करून द्यायला स्वतःच्याच मोबाईलवरून फोन करतो, आणि तो खरा असतो. म्हणून नंबरवरून पारख होईलच असं नाही. तास विचारा, डिलिव्हरीची तारीख विचारा. खऱ्या वर्कशॉपवाल्याकडे तुमची मागची सर्व्हिस किती तासांवर झाली हे लिहिलेलं असतं. त्यालाही पैसे फोनवर देऊ नका, शोरूमवर जाऊन बिल घ्या.

त्या दिवशी दुसरा शनिवार, बँक बंद. भाऊ म्हणाला सोमवारी जाऊ. म्हणलं सोमवारपर्यंत पैसे चार खात्यांतून फिरून जातील. लगेच 1930 लावला, तो सुटीलाही चालू असतो. तिथे विचारतात: बँक कोणती, किती वाजता गेले, समोरचा यूपीआय आयडी, आणि व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर. हा यूटीआर पेमेंट ॲपमध्ये त्या व्यवहारावर दाबलं की खाली दिसतो. शोधायला आम्हाला दहा मिनिटं लागली, तुम्ही आधी लिहून ठेवा मग फोन करा. मेसेजवर तक्रार नंबर आला, मग पोराने cybercrime.gov.in वर बाकीची माहिती आणि ती फुल्यांची पावती चढवली.

पैसे गेले 11 वाजून 40 मिनिटांनी, आम्ही फोन केला साडेतीनला. 6800 पैकी 2300 रुपये एका खात्यात अडकवून ठेवले आहेत असं कळलं, बाकीचे तोवर निघून गेले होते. ते 2300 अजून हातात आलेले नाहीत. आले की इथेच लिहीन.

तुमच्यापैकी कुणाला असा फोन आला असेल तर त्याने कोणती तारीख सांगितली आणि तुमच्या पुस्तकावर डिलिव्हरीची कोणती आहे, हे दोन्ही कमेंटमध्ये टाका. गाडीचा नंबर मात्र टाकू नका.